एलसी बदलण्याचे पत्र: नेमके किती, कुठे, कधीपर्यंत

पुण्यातला एक कारखानदार कोरियातून १०० टन प्लॅस्टिकचे दाणे मागवतो, असे समजा. दर टनाला १,२०० डॉलर, एलसी १,२०,००० डॉलरची. नंतर ठरते की माल १२० टन हवा, आणि जहाज महिनाभर उशिरा सुटेल. बँकेला पत्र जाते:

‘पुरवठादाराशी झालेल्या बोलण्यानुसार एलसीची रक्कम सुमारे १,४४,००० डॉलर करावी आणि मुदत महिनाभर वाढवावी.’

वाचायला सोपे आहे, पण धोक्याचे आहे. एलसीला लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमावलीच्या ३०व्या अनुच्छेदानुसार रकमेला ‘सुमारे’ लावले की १० टक्के कमीजास्त चालते. हा शब्द तसाच एलसीत उतरला, तर विक्रेत्याला १,५८,४०० डॉलरपर्यंत मागता येतील. ‘मुदत’ म्हणजे कोणती, हेही पत्र सांगत नाही. माल चढवण्याची शेवटची तारीख वेगळी, एलसी संपण्याची वेगळी. एकच वाढली तर कागदपत्रे सादर करायला वेळ अपुरा पडू शकतो. मालाचे वजन वाढल्याचा तर उल्लेखच नाही. एलसीत १०० टन तसेच राहिले आणि बिल १२० टनांचे आले, तर बँक त्यात विसंगती काढेल. बँक माल पाहत नाही, कागद पाहते.

रकमेबाबत आणखी एक बारकावा आहे. एलसी बदलाच्या स्विफ्ट संदेशात, म्हणजे एमटी ७०७ मध्ये, वाढीचा आकडा जातो, नवी एकूण रक्कम नाही. म्हणून पत्रात दोन्ही हवेत. मी तेच पत्र असे लिहीन:

‘एलसी क्रमांक ___, दिनांक ___ यात पुढील बदल करावेत. रक्कम: २४,००० डॉलरने वाढ, १,२०,००० ऐवजी १,४४,०००. वजन: १०० ऐवजी १२० टन, दर तोच. माल चढवण्याची शेवटची तारीख: ३० जूनऐवजी ३१ जुलै. एलसी संपण्याची तारीख: २१ जुलैऐवजी २१ ऑगस्ट. बाकी सर्व अटी कायम.’

जहाज ३१ जुलैला सुटले, तरी विक्रेत्याला कागद सादर करायला २१ दिवस मिळतात; एलसीत वेगळी अट नसेल तर यूसीपी ६०० ची कमाल मर्यादाही तीच आहे. ‘ऐवजी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. जुना आकडा शेजारी असला की बँकेतला माणूस मूळ एलसीशी लगेच ताडून पाहतो आणि चूक तिथेच पकडली जाते.

बँकेने बदल पाठवला, तरी विक्रेत्याने स्वीकारेपर्यंत तो त्याच्यावर बंधनकारक नसतो, आणि त्याचे मौन म्हणजे होकार नव्हे. एकाच बदलातला अर्धा भाग घेऊन अर्धा सोडणेही १०व्या अनुच्छेदानुसार चालत नाही. तसे केल्यास तो पूर्ण नकार धरला जातो. म्हणून पत्र बँकेत देण्याआधी हाच मसुदा पुरवठादाराला पाठवा आणि त्याचा लेखी होकार घ्या.