पानभर फ्लुइड मेकॅनिक्स

परीक्षेच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘मायक्रो’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. नोट्सचं पान यंत्रातून इतकं बारीक होऊन मिळतं की मुठीत मावतं. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या वेळी केंद्रांच्या आसपासची झेरॉक्स दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात, ते याच उद्योगापायी.

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या वहीत आणखी एक दाट लिहिलेलं पान असतं, त्याचा या लपवाछपवीशी संबंध नाही. एखाद्या विषयाच्या सगळ्या स्लाइडमधली सूत्रं आणि कल्पना एका ए-फोर कागदावर आणलेलं हे पान उजळणीसाठी असतं, आणि काही प्राध्यापक स्वतःच्या हाताने लिहिलेला असा एक कागद परीक्षेत उघडपणे वापरू देतात. तसं पाहिलं तर मशीन डिझाइनच्या पेपरला डिझाइन डेटा बुक आणि थर्मोडायनॅमिक्सला स्टीम टेबल आपल्याकडे चालतातच. ती पुस्तकं मात्र तयार मिळतात. हे पान ज्याचं त्याला करावं लागतं, आणि करताना बहुतेकांची चूक पहिल्याच पावलाला होते: स्लाइड पुढे घ्यायची आणि जे सूत्र दिसेल ते उतरवत सुटायचं. म्हणजे पुन्हा मायक्रोच, फक्त हाताने केलेली.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना दुसऱ्या वर्षाच्या सुमारास भेटणारा फ्लुइड मेकॅनिक्स हा विषय घेऊ. समजा, सत्रभरात साडेचारशे स्लाइड झाल्या. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच. कडेला एक सेंटिमीटर सोडून तीन रकाने पाडले आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, तर एका रकान्यात पन्नासेक ओळी बसतात. एका बाजूला दीडशे ओळी झाल्या. तीन स्लाइडमागे एक ओळ! त्यातल्या काही ओळी आकृत्या खाणार. तेव्हा प्रश्न काय लिहायचं हा नसून काय गाळूनही चालेल हा आहे.

गाळायला सर्वांत मोठी जागा बर्नुलीच्या प्रकरणात मिळते. टाकीच्या भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, पिटोची नळी, व्हेंच्युरीमीटर, सायफन, पंप बसवलेला नळ, या प्रत्येकाला स्लाइडवर वेगळा मथळा आणि वेगळी चौकट असते. पानावर मात्र एकच ओळ पुरते:

p1/ρg + V1²/2g + z1 + hp = p2/ρg + V2²/2g + z2 + ht + hL

इथे hp म्हणजे पंपाने दिलेला हेड, ht टर्बाइनने काढून घेतलेला आणि hL वाटेत वाया गेलेला. टाकीचा पृष्ठभाग आणि भोकाचं तोंड, दोन्हीकडे हवेचाच दाब आहे आणि टाकीतलं पाणी जवळपास स्थिर आहे, एवढं घातलं आणि नुकसान सोडून दिलं की V = √(2gh) आपोआप उरतो. पिटोच्या नळीत दुसऱ्या बिंदूपाशी वेग शून्य धरला की तेही सूत्र निघतं. दोन्ही चौकटी गेल्या. त्या जागी एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, आणि नेमकी तीच स्लाइडवर बारीक अक्षरात असते: हे समीकरण या रूपात कुठे चालतं. प्रवाह काळानुसार न बदलणारा हवा आणि घनता स्थिर हवी. पेपरात सूत्र आठवत नाही म्हणून जेवढे गुण जातात, त्यापेक्षा जास्त ते नको तिथे लावल्याने जात असावेत.

व्हेंच्युरीमीटरचं सूत्र मात्र ठेवावं. तेही याच ओळीतून निघतं, पण काढायला वेळ लागतो आणि त्याच्या शेजारी एक काटा आहे. नळात पाणी आणि मॅनोमीटरमध्ये पारा असेल, तर पाऱ्याच्या पातळीतला फरक x हा पाण्याच्या हेडमध्ये बदलताना पुष्कळ जण १३.६ ने गुणतात. पाऱ्याची सापेक्ष घनता तेवढीच तर आहे! पण पारा जिथे चढतो तिथलं पाणी त्याने हटवलेलं असतं, म्हणून त्यातून १ वजा होतो: h = 12.6x. पाऱ्यात २० सेंटिमीटरचा फरक असेल, तर h येतो २.५२ मीटर. १३.६ ने गुणलं तर २.७२ मीटर येतो आणि प्रवाह सुमारे ४ टक्क्यांनी फुगतो. चूक एवढी लहान की उत्तर पाहून शंकाही येत नाही. पानावर ‘१२.६, १३.६ नव्हे’ एवढं लाल शाईत असलं, तर ती ओळ एका अख्ख्या स्लाइडच्या मोलाची.

आता खरा घोळ. तो एका अक्षराचा आहे.

नळातून पाणी वाहताना घर्षणामुळे किती हेड जातो, हे सांगणारं डार्सी-वाइसबाखचं सूत्र प्रत्येकाच्या पानावर असतं. पण ते दोन रूपांत सापडतं. मूडीच्या तक्त्यावर आधारलेल्या अनेक पुस्तकांत ते असं असतं:

hf = f·L·V² / (2·g·D)

आपल्याकडे खपणाऱ्या कित्येक पाठ्यपुस्तकांत, जुन्या ब्रिटिश वळणाने, ते असं छापलेलं असतं:

hf = 4·f·L·V² / (2·g·D)

दोन्ही बरोबर आहेत. दोन्हीकडचा f वेगळा आहे, एवढंच. पहिला डार्सीचा, दुसरा फॅनिंगचा, आणि डार्सीचा f फॅनिंगच्या बरोबर चौपट. हा ४ आकाशातून पडलेला नाही. क्षेत्रफळाला ओल्या परिघाने भागलं की जी लांबी मिळते, तिला आपली पुस्तकं हायड्रॉलिक मीन डेप्थ म्हणतात. पूर्ण भरून वाहणाऱ्या गोल नळात ती D/4 येते. घर्षणाचा हिशेब भिंतीवरच्या ताणावरून मांडला की हा भागिले चार सूत्रात उतरतो. काहींनी तो उघडा ठेवला, काहींनी f च्या पोटात घातला.

स्लाइड एका हातच्या असतील तर अडचण येत नाही. पण एका विषयाच्या स्लाइडमध्ये अर्ध्या एका पुस्तकावरून आणि अर्ध्या दुसऱ्यावरून घेतलेल्या असणं मुळीच दुर्मीळ नाही. मग विद्यार्थी नुकसानाचं सूत्र एका स्लाइडवरून उतरवतो, f चं सूत्र दुसऱ्यावरून, आणि पानावर दोन्ही एकाखाली एक सुबकपणे बसतात.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. गुळगुळीत प्लास्टिकचा नळ, व्यास १०० मिलिमीटर, लांबी २०० मीटर, त्यातून सेकंदाला ६ लिटर पाणी जातंय. नळाचं क्षेत्रफळ 0.00785 m², म्हणून वेग 0.764 m/s. साध्या तापमानाच्या पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 10⁻⁶ m²/s धरली, तर रेनॉल्ड्स अंक सुमारे ७६,४०० येतो. प्रवाह टर्ब्युलंट आहे आणि नळ गुळगुळीत आहे, म्हणून ब्लासियसचं सूत्र चालेल. ते डार्सीच्या f साठी f = 0.316/Re^0.25 असं आहे आणि फॅनिंगच्या f साठी f = 0.079/Re^0.25 असं. पहिल्याने f येतो 0.019. तो पहिल्या रूपात घातला की हेडचं नुकसान १.१३ मीटर. दुसऱ्याने f येतो 0.00475. तो चार असलेल्या रूपात घातला, तरी तेच १.१३ मीटर.

आता जोड्या बदलून पाहा. फॅनिंगचा f चार नसलेल्या सूत्रात गेला, तर नुकसान फक्त २८ सेंटिमीटर. डार्सीचा f चार असलेल्या सूत्रात गेला, तर साडेचार मीटर. पंप निवडायचा असेल तर पहिल्या चुकीने पाणी वर पोहोचणार नाही आणि दुसरीने गरजेपेक्षा मोठी मोटर येईल. परीक्षार्थीला मात्र दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात, कारण २०० मीटर नळात किती हेड जावा याचा अंदाज त्याला अजून आलेला नसतो.

स्लाइडवर लेखकाचं नाव नसतं, मग हा f कोणाचा हे ओळखायचं कसं? लॅमिनर प्रवाहात. तिथे डार्सीचा f = 64/Re आणि फॅनिंगचा f = 16/Re. स्लाइडवर ६४ असेल तर डार्सी, १६ असेल तर फॅनिंग. स्लाइडवर नुसताच मूडीचा तक्ता असेल, तर त्याच्या डाव्या बाजूची तिरकी सरळ रेषा पाहावी. रेनॉल्ड्स अंक १,००० असताना ती 0.064 वर असेल, तर तक्ता डार्सीचा.

हीच खूण पान तपासायलाही उपयोगी पडते. लॅमिनर प्रवाहासाठी हेगन-प्वाझेचं सूत्र वेगळं शिकवतात: hf = 32·μ·V·L/(ρ·g·D²). f = 64·μ/(ρ·V·D) हे पहिल्या रूपात घाला. वरचा एक V आणि खालचा V कटतो, ६४ भागिले २ म्हणजे ३२ आणि खाली D² होतो. तेच सूत्र. पानावरच्या जोडीतून ३२ ऐवजी ८ किंवा १२८ आलं, तर जोडी विजोड आहे. एकदा हे जमलं की हेगन-प्वाझेची ओळही खोडता येते, जागा सुटते.

सुटलेल्या जागेत दोन-तीन ओळी एककांच्या असाव्यात, कारण आपल्या पेपरांत व्हिस्कॉसिटी अजून पॉइजमध्ये आणि स्टोकमध्ये विचारतात. एक पॉइज म्हणजे 0.1 Pa·s, एक स्टोक म्हणजे 10⁻⁴ m²/s. दुसरी जागा एका आकृतीला द्यावी: दोन टाक्या, मध्ये नळ, वर एनर्जी लाइन. टाकीतून नळात शिरताना ती रेषा 0.5V²/2g ने खाली येते, नळभर उतरत जाते आणि दुसऱ्या टाकीत शिरताना पूर्ण V²/2g ने पडते. छोट्या नुकसानांच्या चार-पाच स्लाइड या अंगठ्याएवढ्या चित्रात मावतात.

पान तयार झालं की त्याची परीक्षा आधी घ्यावी. जुनी प्रश्नपत्रिका समोर, पुस्तक बंद, फक्त ते पान आणि कॅल्क्युलेटर. ज्या ओळीकडे पाहावं लागलं तिच्यापुढे पेन्सिलीने टिंब द्यायचं, आणि जे शोधलं पण सापडलं नाही ते कडेला लिहायचं. तीन प्रश्नपत्रिकांनंतर बऱ्याच ओळींपुढे एकही टिंब नसतं. कंटिन्युइटीचं A1V1 = A2V2 त्यात हमखास असतं, कारण ते पाठच झालेलं असतं. कडेला मात्र हायड्रॉलिक मीन डेप्थची व्याख्या, पॉइजचं रूपांतर, रेनॉल्ड्स अंकाच्या मर्यादा, असल्या किरकोळ वाटलेल्या गोष्टी जमतात. त्या मर्यादाही पुस्तकागणिक हलतात. लॅमिनर प्रवाहाची हद्द आपली बरीच पुस्तकं २,००० धरतात, तर अनेक परदेशी पुस्तकं २,३००. ज्या पेपरासाठी पान आहे, त्या पेपराचा आकडा लिहावा. मग बिनटिंबाच्या ओळी काढून पान नव्याने लिहायचं. शहाणी मुलं ते दोनदा तरी लिहितात.

ज्यांच्याकडे असं पान आधीच आहे, त्यांनी आज एवढं करावं. घर्षणाच्या सूत्रातल्या f शेजारी ‘डार्सी’ किंवा ‘फॅनिंग’ असं लिहावं. कोणता, हे सांगता येत नसेल, तर त्याखालच्या ब्लासियसच्या ओळीत 0.316 आहे की 0.079, ते पाहावं.