क्युरेटिंगनंतर पाळी आटली तर

समजा, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या एका तरुणीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. काही भाग आत राहिला म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त जाऊ लागलं, तेव्हा पिशवी पुन्हा साफ केली. त्यानंतर पाळी नुसत्या डागांवर आली आणि पोटात मात्र दर महिन्याला कळ येऊ लागली. घरचे म्हणाले, अशक्तपणा असेल. पाळी येण्याच्या गोळ्या घेऊनही फरक पडला नाही. हार्मोनच्या तपासण्याही ठीक आल्या. अशा वेळी दोष गर्भाशयाच्या आत शोधावा लागतो.

गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर दर पाळीला गळतो आणि खालच्या थरातून तो नव्याने उगवतो. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर पिशवी मऊ असते. त्यात धारदार क्युरेट खोलवर फिरली, तर हा खालचा थरच खरवडला जातो. मग समोरासमोरच्या उघड्या पडलेल्या भिंती भरून येताना एकमेकींना चिकटतात. क्युरेटिंग पुन्हापुन्हा झालं की धोका वाढतो. १९४८ साली जोसेफ अशरमन यांनी या विकाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला अशरमन सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयानेही अशीच चिकटण होते, त्यामुळे तीही शक्यता तपासावी लागते.

साध्या सोनोग्राफीत चिकटण निसटू शकते. खात्रीचं निदान हिस्टेरोस्कोपीने होतं. योनीमार्गातून बारीक दुर्बीण आत जाते, सलाइनने पिशवी फुगते आणि चिकटणीचे पडदे थेट दिसतात. त्याच वेळी छोट्या कात्रीने ते कापताही येतात. पडदे दाट असतील तर पिशवीला भोक पडण्याचा धोका असतो, म्हणून पोटावरून सोनोग्राफी लावून दिशा पाहतात. न बघता पुन्हा क्युरेटिंग करणं हा मात्र यावरचा उपाय नव्हे.

कापलेल्या भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून काही दिवस आत छोटा फुगा ठेवतात किंवा जेल सोडतात. अस्तर वाढावं म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहणं महत्त्वाचं, कारण तीव्र आजारात निम्म्याहून अधिक जणींमध्ये चिकटण परत येऊ शकते.

पाळी सुरळीत होणं हे चांगलं लक्षण, पण गर्भ राहीलच याची ती हमी नाही. चिकटण सौम्य असेल तर उपचारानंतर बहुतेकींना दिवस जातात. तीव्र असेल तर साधारण तिघींपैकी एकीलाच, कारण पडदे कापता आले तरी मेलेलं अस्तर परत आणता येत नाही.

दिवस गेले तरी सावध राहावं लागतं. पातळ अस्तरामुळे वार भिंतीत खोल रुजू शकते आणि बाळंतपणात ती सुटत नाही, जोराचा रक्तस्राव होतो. म्हणून जुन्या क्युरेटिंगची माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत द्यावी, वारेची जागा सोनोग्राफीत मुद्दाम पाहून घ्यावी आणि बाळंतपणासाठी सोलापूर किंवा पुण्यात, जिथे रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे, तिथेच नाव नोंदवावं.