शून्याच्या खाली गेलेला सौदा

सोमवार, 20 एप्रिल 2020. टाळेबंदीमुळे मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजचे, म्हणजे एमसीएक्सचे, व्यवहार त्या काळात रात्रीऐवजी संध्याकाळी पाच वाजताच थांबत होते. कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा तो शेवटचा दिवस होता आणि पाच वाजता बाजार थांबला तेव्हा भाव होता बॅरलला सुमारे 965 रुपये. या भावावर ज्यांनी खरेदीचे सौदे उभे ठेवले त्यांनी मनाशी हिशेब केला असेल, की तेल अगदी फुकट झाले तरी जास्तीत जास्त 965 रुपयेच बुडतील. प्रत्यक्षात त्यांच्या सौद्यांचा अंतिम भाव ठरला उणे 2,884 रुपये. म्हणजे तेल विकत घेणाऱ्याने तेलाची किंमत तर गमावलीच, शिवाय वर प्रत्येक बॅरलमागे 2,884 रुपये देणे लागला.

हे कसे घडले ते समजले की वायदा म्हणजे काय हेही समजते. कारण त्या रात्री वायद्याचा कुठलाही नियम मोडला गेला नव्हता. सगळे नियम जसेच्या तसे लागू झाले होते.

वायदा म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेला माल, ठरलेल्या नगाने, आज ठरवलेल्या भावाने घेण्याचा किंवा देण्याचा करार. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एक्स्चेंजने आधीच ठरवून छापलेल्या असतात. मालाची प्रत कोणती, एका सौद्यात माल किती, मुदत कधी संपणार, शेवटचा भाव कसा काढणार, हे सारे त्या करारपत्रकात असते. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात घासाघीस होते ती फक्त भावाची.

पहिली गोष्ट सौद्याच्या आकाराची. एमसीएक्सवर कच्च्या तेलाच्या मोठ्या वायद्याचा एक लॉट 100 बॅरलचा असतो आणि एका बॅरलमध्ये साधारण 159 लिटर तेल मावते. पडद्यावर दिसणारा भाव मात्र एका बॅरलचा असतो. त्यामुळे पडद्यावर भाव एक रुपयाने हलला की एका लॉटवर शंभर रुपये हलतात. भाव 2,000 असेल तर तुम्ही दोन लाखांच्या तेलाचा सौदा केलेला असतो. सोन्याच्या मोठ्या वायद्यातही असेच आहे. तिथे लॉट एक किलोचा, पण भाव दहा ग्रॅमचा, म्हणून तिथेही एका रुपयाचे शंभर होतात. नवा माणूस बहुधा इथेच फसतो. तो पडद्यावरच्या भावाकडे बघतो, पण त्याचा नफा-तोटा मात्र लॉटवर चालतो.

दोन लाखांचा सौदा करायला दोन लाख रुपये आणावे लागत नाहीत. काही रक्कम मार्जिन म्हणून दलालाकडे ठेवायची. ते किती हे भाव किती उसळ्या घेतो यावर ठरते आणि बदलत राहते. उदाहरणापुरते आपण 60,000 रुपये धरू. हे मार्जिन म्हणजे मालाच्या किमतीचा हप्ता नव्हे. तुम्ही आपला शब्द पाळाल याची ती अनामत असते. ती विक्रेत्यालाही तितकीच भरावी लागते.

आता प्रश्न असा, की दोन लाखांच्या सौद्याला साठ हजारांची अनामत पुरते कशी? याचे उत्तर म्हणजे रोजचा हिशेब. बाजारात त्याला मार्क टू मार्केट किंवा नुसते एमटीएम म्हणतात. दिवस संपला की एक्स्चेंज त्या दिवसाचा एक हिशेबी भाव जाहीर करते. तो सहसा शेवटच्या अर्ध्या तासात झालेल्या व्यवहारांच्या सरासरीवरून निघतो. प्रत्येक उभा सौदा त्या भावाशी ताडला जातो आणि तोटा झालेल्याच्या खात्यातून पैसे काढून नफा झालेल्याच्या खात्यात जमा होतात. दुसऱ्या दिवशी त्या सौद्याचा भाव हाच धरतात.

आकडे घेऊन पाहू. कुणी एक लॉट 2,000 च्या भावाने घेतला. पहिल्या दिवशी हिशेबी भाव 2,050 निघाला. बॅरलमागे 50, लॉटवर 5,000 रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. दुसऱ्या दिवशी भाव 1,930 वर आला. आता हिशेब 2,000 पासून नाही, कालच्या 2,050 पासून होईल. घसरण 120 ची, म्हणून 12,000 रुपये वजा. तिसऱ्या दिवशी त्याने 1,960 ला लॉट विकून सौदा कापला. 1,930 वरून 30 ची वाढ, म्हणून 3,000 जमा. तिन्ही दिवसांची बेरीज उणे 4,000. घेतला 2,000 ला, विकला 1,960 ला, बॅरलमागे 40 चा तोटा, शंभर बॅरलवर 4,000. हिशेब जुळला.

मग रोज इतकी देवघेव कशासाठी? कारण मधल्या दुसऱ्या दिवसाकडे नीट पाहा. त्या संध्याकाळी त्याच्या खात्यात 60,000 अधिक 5,000 वजा 12,000, म्हणजे 53,000 उरले. अनामत साठ हजारांची हवी. त्यामुळे त्याला 7,000 रुपये लगेच आणून भरावे लागले. आदल्या दिवशीचे पाच हजार त्याने काढून घेतले असते तर 12,000 भरावे लागले असते. पैसे आले नाहीत तर दलाल सौदा कापून टाकू शकतो. पुढे भाव 2,500 झाला असता तरी त्याचा या माणसाला काही उपयोग झाला नसता, कारण तोवर तो सौद्यात राहिलाच नसता. अंदाज बरोबर असूनही वायद्यात पैसे बुडतात ते असे. भाव शेवटी कुठे पोहोचला याइतकेच तो कोणत्या वाटेने गेला हेही महत्त्वाचे ठरते.

बाजाराच्या बाजूने मात्र ही व्यवस्था मोठ्या कामाची आहे. प्रत्येक सौद्यात खरेदीदार आणि विक्रेता यांच्या मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभे असते. विक्रेत्यासाठी तेच खरेदीदार असते आणि खरेदीदारासाठी तेच विक्रेता असते. समोरचा कोण आहे, त्याची पत काय, हे कुणालाच पाहावे लागत नाही. तोटा रोजच्या रोज वसूल होत असल्याने कुणाचीही थकबाकी महिनाभर साचत नाही. म्हणून अनामत मुदतभराच्या संपूर्ण चढउताराएवढी ठेवावी लागत नाही. एका वसुलीपासून पुढच्या वसुलीपर्यंत भाव जेवढा हलू शकेल तेवढी असली की भागते. या गणितामागे एक गृहीत आहे. तोटा वाढू लागला की माणसाला बाहेर पडता येईल, बाजार उघडा असेल, आणि दोन वसुलींच्या मधे भाव फार मोठी उडी घेणार नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची. शेअर घेऊन तुम्ही वर्षानुवर्षे वाट पाहू शकता. वायद्याला मात्र एक्स्पायरी असते. त्या दिवसापर्यंत सौदा कापायचा, किंवा या महिन्याचा विकून पुढच्या महिन्याचा घ्यायचा, ज्याला रोलओव्हर म्हणतात. दोन्ही केले नाही तर करारपत्रकात लिहिल्याप्रमाणे शेवट होतो. काही वायद्यांत प्रत्यक्ष माल घ्यावा-द्यावा लागतो. एमसीएक्सच्या कच्च्या तेलात माल येत नाही. अखेरचा भाव काढून फक्त पैशांचा फरक मिटवतात. तो अखेरचा भाव मात्र मुंबईत ठरत नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात अमेरिकी तेलाच्या चालू महिन्याच्या वायद्याचा जो भाव लागेल, त्याला डॉलरच्या संदर्भ दराने गुणायचे, हा नियम आहे.

नायमेक्सचा करार 1,000 बॅरलचा आहे आणि तिथे माल खरोखर घ्यावा लागतो, ओक्लाहोमातल्या कुशिंग या गावी. करोनामुळे तेलाची मागणी कोसळली होती आणि कुशिंगच्या टाक्यांमधली जवळजवळ सगळी जागा भरली तरी होती किंवा आधीच कुणीतरी राखून ठेवली होती. मे महिन्याच्या कराराची मुदत 21 एप्रिलला संपत होती. ज्यांच्याकडे टाकी नव्हती त्यांना कसेही करून हा करार दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा होता आणि घेणारा कुणी नव्हता. शेवटी लोक वर पैसे देऊन करार सोडवू लागले. 20 तारखेचा अखेरचा भाव लागला उणे 37.63 डॉलर. त्याच दिवशी, त्याच तेलाचा जून महिन्याचा करार मात्र 20.43 डॉलरवर बंद झाला. तेल निरुपयोगी झाले नव्हते. त्या ठरलेल्या तारखेला ते ठेवायला जागा नव्हती, एवढेच.

मुंबईत पाच वाजले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात झाले होते. तिथला भाव शून्याखाली गेला तो तिथल्या दुपारी, आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास. इथला बाजार कधीच बंद झाला होता. उणे 37.63 ला सुमारे 76.64 रुपयांच्या दराने गुणले की उणे 2,884 येतात. 965 पासून तिथवरचे अंतर 3,849 रुपये. एका लॉटवर 3,84,900 रुपये. संध्याकाळी त्या लॉटची संपूर्ण किंमत होती 96,500. म्हणजे कुणी मालाच्या किमतीएवढी पूर्ण अनामत ठेवली असती, तरी तोटा तिच्या जवळजवळ चौपट होता. रोजच्या वसुलीमागची गृहीते एका रात्रीत खोटी ठरली. बाहेर पडायला दार उघडे नव्हते आणि भावाने शून्याचा तळही मानला नाही. विक्रीचे सौदे उभे ठेवणाऱ्यांना मात्र तेवढेच पैसे मिळाले, कारण वायद्यात एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा असतो. ग्राहकांकडून वसूल होईल की नाही याची वाट न पाहता दलालांना पैसे भरणे भाग होते. काही दलाल संस्था मुंबई उच्च न्यायालयातही गेल्या.

चाहूल आधी लागण्यासारखी होती. 17 एप्रिलच्या शुक्रवारी नायमेक्सवर मे महिन्याचे तेल 18.27 डॉलर आणि जूनचे 25.03 डॉलर होते. एकाच तेलाच्या लागोपाठच्या दोन महिन्यांत इतका फरक पडतो तेव्हा जवळच्या महिन्याचा माल कुणाला नको आहे, असा त्याचा अर्थ असतो. भाव उणे झाले तर आपली यंत्रणा तयार असेल, असे नायमेक्स चालवणाऱ्या सीएमई समूहाने एप्रिलच्या पूर्वार्धातच कळवले होते. सेबीने सप्टेंबर 2020 मध्ये शून्याजवळच्या आणि उणे भावांसाठी जोखमीचे वेगळे नियम काढले. त्यामुळे उणे भाव आता अनामतीच्या हिशेबात धरला जातो, पण बंद बाजारात भाव हलण्याचा धोका त्याने संपत नाही.

म्हणून वायद्यात उतरणाऱ्याने भावाचा तक्ता पाहण्याआधी करारपत्रकातली तीन उत्तरे शोधावीत. एका रुपयामागे माझे किती रुपये हलणार? मी बाहेर पडलो नाही तर शेवटचा भाव कुठे आणि किती वाजता ठरणार? आणि त्या वेळी माझा बाजार उघडा असेल का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता सौदा आधीच कापावा किंवा पुढच्या महिन्यात न्यावा. त्यासाठी भावातले थोडेफार पैसे सोडावे लागले तरी ते सोडावेत.