सहा जणांची पंगत, सहा मागण्या

सहा पात्रांच्या जेवणाचा प्रसंग लिहिताना प्रत्येकाला त्या रात्री काय हवे आहे, हे आधी एकेका ओळीत ठरवावे लागते. समजा, गावाकडची जमीन विकायचा विषय आहे. थोरल्याला आईची सही हवी, धाकट्याला आपला वाटा, सुनेला शहरात घर, नातवाला परदेशी शिक्षणाची फी, नणंदेला आपला हक्क. आणि आजीला विषयच टाळायचा आहे.

मागणी उघड बोलली जात नाही, ती वाढण्या-जेवण्याच्या बोलण्यातून डोकावते. “आई, भात घ्या ना अजून,” ही सुनेची मनधरणी असते. “आपल्या शेतातल्या तांदळाची चव याला नाही,” हा आजीचा नकार.

सगळे एकदम बोलले की वाचक गोंधळतो. म्हणून संभाषण दोघांत चालवावे आणि तिसऱ्याने ते तोडावे. गप्प पात्र अधूनमधून कृतीतून दिसावे: नातू पानातले मीठ बोटाने पसरवत बसतो. नावे झाकल्यावर बोलणारा ओळखू येत नसेल, तर संवाद पुन्हा लिहावेत. “सही माझीही लागेल, दादा,” असे नणंद म्हणाली, की सगळ्यांचीच गणिते बदलतात. प्रसंग तिथेच थांबवावा.