माल अर्धाच आला तर? खरेदीच्या आडवाटा आणि बीपीएमएनची चिन्हे

बीपीएमएन ही कामाचा ओघ आकृतीत मांडण्याची प्रमाणित चिन्हपद्धती आहे. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ/आयईसी १९५१० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. कारखान्यात ईआरपी बसवण्याआधी अशा आकृत्या काढण्याची पद्धत आहे. त्यातल्या बहुतेक आकृत्या सुरळीत व्यवहाराच्या असतात: मागणी, मंजुरी, ऑर्डर, माल, बिल, पैसे. ही सरळ वाट कोणत्याही ईआरपीत तयारच मिळते, त्यामुळे ती काढून नवे फारसे कळत नाही. व्यवहार सरळ वाट सोडतो तिथे काय करायचे, हे मात्र प्रत्येक कारखान्याला स्वतःच ठरवावे लागते. ते आधी ठरले नाही, तर प्रोग्रामर आपल्या अंदाजाने ठरवतो.

या पद्धतीतली मुख्य चिन्हे तीन. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे कुणीतरी करायचे काम. वर्तुळ म्हणजे घटना: बारीक रेघेचे एकेरी वर्तुळ सुरुवातीचे, दुहेरी मधल्या घटनेचे आणि जाड रेघेचे शेवटाचे. शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन म्हणजे गेटवे. तिथे वाट फुटते किंवा फुटलेल्या वाटा एकत्र येतात. आकृती वाचताना एक टोकन बाणांवरून पुढे सरकत आहे अशी कल्पना करतात. गुणिले चिन्हाच्या गेटवेतून ते टोकन एकाच वाटेने जाते. अधिक चिन्हाच्या गेटवेवर प्रत्येक वाटेसाठी एकेक टोकन तयार होते, आणि तसाच गेटवे पुढे जोडणीसाठी वापरला तर तो सगळ्या वाटांवरची टोकने येईपर्यंत थांबून राहतो.

गेटवे स्वतः काहीच ठरवत नाही, ही गोष्ट नवशिक्याच्या आकृतीत हमखास निसटते. निर्णय आधीच्या चौकटीत होतो. गेटवे फक्त त्याचे उत्तर वाचून वाट दाखवतो. ‘मंजूर?’ असा गेटवे काढला, पण त्याआधी ‘मागणी तपासणे’ ही चौकटच नसली, तर निर्णय कुणाचा हे आकृतीला सांगता येत नाही. मग मंजुरीचा अधिकार ईआरपीत कोणाच्या लॉगिनला द्यायचा, हेही अनुत्तरित राहते.

उदाहरणादाखल कोल्हापूर परिसरातला पंप बनवणारा एखादा कारखाना घेता येईल. उत्पादन विभागाने ५०० बेअरिंगची मागणी टाकली आहे. तपासणीनंतरच्या गेटवेतून दोन बाण काढून मोकळे होण्याचा मोह होतो, पण प्रत्यक्षात उत्तरे तीन असतात: मंजूर, दुरुस्तीसाठी परत आणि नामंजूर. परत आलेल्या मागणीचा बाण बहुधा उलटा नेऊन सुरुवातीला चिकटवलेला असतो. तो ‘मागणी दुरुस्त करणे’ या वेगळ्या चौकटीकडे नेला की पुढचा प्रश्न समोर येतो. विभागप्रमुखाने ५०० नगांना होकार दिला, प्लँटप्रमुखाने ‘४०० करा’ म्हणून मागणी परत पाठवली. आता ४०० साठी विभागप्रमुखाची सही पुन्हा लागणार की आधीची चालेल? बाण कोणत्या चौकटीत शिरतो, यात याचे उत्तर असते, आणि ईआरपीतली मंजुरीची मांडणी त्यावरच बेतावी लागते.

नामंजुरीला स्वतःचे शेवटवर्तुळ हवे, त्यावर ‘मागणी फेटाळली’ असे नाव हवे आणि त्याआधी अडवून ठेवलेले बजेट मोकळे करण्याची चौकट हवी. ‘खरेदी पूर्ण’ या वर्तुळातच ती वाट सोडली, तर दोन्ही कागद यंत्रणेत ‘बंद’ दिसतात आणि किती मागण्या फेटाळल्या हे वर्षअखेरीस सांगता येत नाही. काही जण नामंजुरीसाठी विजेच्या खुणेची त्रुटीघटना वापरतात. ते चूक आहे. त्रुटीघटना काम मोडून पडल्याचे सांगते. नकार दिला तेव्हा तपासणीचे काम रीतसर पूर्ण झालेले असते, फक्त त्याचे उत्तर ‘नाही’ असते.

उत्तरच आले नाही, तर मात्र गेटवे कामाचा नाही, कारण टोकन अजून चौकटीतच अडकलेले असते. यासाठी चौकटीच्या कडेवर घड्याळाची घटना बसवतात. तिचे वर्तुळ तुटक रेघेचे असेल तर वेळ संपल्यावर एक जादा टोकन बाहेर पडते आणि मूळ काम चालू राहते. सलग रेघेचे असेल तर मूळ काम तिथेच रद्द होते. म्हणून दोन दिवसांनंतरचे स्मरणपत्र तुटक वर्तुळातून जावे आणि पाच दिवसांनंतर मागणी वरिष्ठांकडे सोपवायची असेल तर ती सलग वर्तुळातून. दोन्हीकडे सलग रेघ काढली, तर स्मरणपत्र जाताच साहेबांच्या यादीतून मूळ मागणीच नाहीशी होते. ‘मेल आला, पण मंजुरीचे बटणच दिसत नाही’ अशी तक्रार चाचणीत आली, तर आधी ही रेघ पाहावी.

समजा मागणी मंजूर होऊन ५०० नगांची ऑर्डर गेली आणि पहिल्या खेपेला ३२० नग आले. स्टोअरने मोजले, क्यूसीने १२ नाकारले, ३०८ स्वीकारले. आता बाकी किती? नाकारलेले १२ बदलून मिळणार असतील तर १९२. त्यांची डेबिट नोट काढून विषय संपवायचा असेल तर १८०. हा फरक नुसत्या वजाबाकीने मिटत नाही. तो खरेदी विभागाचा निर्णय आहे, म्हणून गेटवेआधी ‘नाकारलेल्या मालाचे ठरवणे’ अशी चौकट लागते. त्यानंतरचा गेटवे विचारतो, बाकी सवलतीच्या मर्यादेत आहे का? करारात दोन टक्के तूट चालते असे असेल, तर ५०० पैकी ४९० नग आले तरी ऑर्डर पूर्ण धरतात. हा आकडा आकृतीत नसला तरी चालेल, पण तो पुरवठादाराप्रमाणे बदलतो की मालाप्रमाणे, हे ईआरपीच्या मांडणीआधी कळलेच पाहिजे.

बाकी मर्यादेबाहेर असेल तर टोकन थांबते, आणि या थांबण्यासाठी बीपीएमएनमध्ये खास चिन्ह आहे: शंकरपाळ्याच्या आत दुहेरी वर्तुळ आणि त्यात पंचकोन. हा घटनाधारित गेटवे. साध्या गेटवेला वाट दाखवायला हाताशी माहिती असावी लागते. इथे पुढे काय होणार हे कारखान्यातल्या कुणालाच माहीत नसते, ते बाहेरून कळायचे असते. त्याच्या पुढे तीन घटना काढायच्या: पुढची खेप आली, ‘उरलेला माल देता येणार नाही’ असा पुरवठादाराचा निरोप आला, किंवा ठरलेली तारीख उलटली. जी आधी घडेल तिच्या वाटेने टोकन जाते आणि बाकीच्या दोन त्याच क्षणी बाद होतात. खेप आली तर टोकन मोजणीच्या चौकटीकडे वळते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. निरोप आला किंवा तारीख उलटली, तर काम खरेदी अधिकाऱ्याकडे जाते: मुदत वाढवायची की ऑर्डर आहे तिथे शॉर्ट क्लोज करायची.

शॉर्ट क्लोजची वाट आकृतीत नसेल तर नुकसान खरेदीत दिसत नाही, ते उत्पादनात दिसते. उघड्या ऑर्डरवरचे १९२ नग यंत्रणा ‘येणार’ म्हणून धरत राहते. साठा कमी झाला तरी मालाचे नियोजन नवी मागणी सुचवत नाही, आणि एके दिवशी जुळणीच्या लाइनवर बेअरिंग संपतात. सॅपमध्ये हा पूर्णविराम खरेदी ऑर्डरच्या त्या ओळीवरच्या `Delivery Completed` या खुणेने देतात. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये ऑर्डरची स्थिती `Closed` करतात. बटण दोन्हीकडे आहे. ते कुणी, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने दाबायचे, हे आकृतीतून यायला हवे.

बिलाची वाट मालाच्या वाटेशी समांतर चालते आणि सगळ्यात महागडी चूक तिथेच होते. माल आणि बिल दोन्ही आल्यावर पैसे द्यायचे, म्हणून अधिक चिन्हाच्या गेटवेवर दोन्ही वाटा जोडतात. मालाच्या वाटेवरचे टोकन पूर्ण ५०० नग आल्यावरच सुटणार असेल, तर ऑर्डर शॉर्ट क्लोज झाल्यावर ते कधीच सुटत नाही आणि बिल कायमचे लटकते. माल वापरून संपला, तरी बिल ‘प्रलंबित’ अशी प्रकरणे साठू लागली, की हा दोष असल्याचे समजावे. उलट, समांतर फुटलेल्या वाटा गुणिले चिन्हाच्या गेटवेवर जोडल्या तर तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही. दोन टोकने एकामागून एक पुढे जातात आणि पैसे देण्याचे काम दोनदा सुरू होते. यावर उपाय म्हणजे जोडणी खेपेपुरती करणे: त्या खेपेचा स्वीकारलेला माल आणि त्या खेपेचे बिल.

पण बिल प्रत्येक खेपेचे वेगळे येईलच असे नाही. पुरवठादार पूर्ण ५०० नगांचे एकच बिल पाठवून माल हप्त्यांत देतो, तेव्हा जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १६(२) नुसार एकाच बिलावरचा माल हप्त्यांत आला, तर इनपुट टॅक्स क्रेडिट शेवटचा हप्ता मिळाल्यावरच घेता येते. म्हणजे बिल आल्यानंतर ‘बिल खेपेचे की पूर्ण ऑर्डरचे?’ असा गेटवे लागतो आणि दुसऱ्या वाटेवर हे क्रेडिट रोखून ठेवण्याची पायरी लागते. त्यातच ऑर्डर शॉर्ट क्लोज झाली, तर शेवटची खेप येणारच नाही. तेव्हा पुरवठादाराकडून न आलेल्या मालाची क्रेडिट नोट मागवण्याचे काम शॉर्ट क्लोजच्या वाटेवरच बसवावे लागते. हा दुवा खरेदी आणि लेखा विभाग एकाच आकृतीसमोर बसल्याशिवाय सहसा सापडत नाही.

आकृती तयार झाल्यावर तिची परीक्षा सोपी असते. जुन्या फाइलींमधून त्रासदायक ठरलेल्या चार-पाच ऑर्डर काढायच्या आणि प्रत्येकीचे टोकन बोटाने चालवून पाहायचे. टोकन कुठे अडकते, कुठे नाहीसे होते, कुठे एकाची दोन होतात, ते लगेच दिसते. एका ऑर्डरवर बेअरिंग आणि सील अशा दोन ओळी असतील आणि फक्त सील अपुरे आले असतील, तर ऑर्डरभर एकच टोकन पुरत नाही हेही इथेच कळते. तूट ओळीची असते, ऑर्डरची नसते. म्हणून माल स्वीकारण्याचा भाग उपप्रक्रियेच्या चौकटीत घालून तिच्या तळाशी तीन उभ्या रेघा काढतात; त्या चिन्हाचा अर्थ, प्रत्येक ओळीसाठी हे काम वेगळे चालेल.

या आकृतीत सगळे मावत नाही. किती रकमेपर्यंत कोणाची मंजुरी, कोणत्या मालाला किती टक्के तूट चालते, हे नियम गेटवेंच्या साखळीत काढले तर पान शंकरपाळ्यांनी भरते आणि मर्यादा बदलली की आकृतीही बदलावी लागते. असे नियम तक्त्यात ठेवावेत आणि आकृतीत तो तक्ता वाचणारी एकच चौकट असावी. वर्षातून एकदा घडणाऱ्या विचित्र प्रसंगांसाठीही वेगळी वाट काढू नये. ‘खरेदीप्रमुखाकडे सोपवणे’ ही एक चौकट त्यांना पुरते.