शनिवारची रात्र कोणत्या आठवड्याची?

कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसणाऱ्याकडे ओटीची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा रात्रपाळीचाच असतो. मी त्या खुर्चीत बरीच वर्षं काढली. दिवसपाळीचा हिशेब चुकायला फारशी जागा नसते, कारण सात ते साडेतीन म्हणजे साडेआठ तास हे कुणीही बोटांवर मोजतो. रात्री दहाला आत आलेला माणूस सकाळी साडेसहाला बाहेर पडतो, तेव्हा मात्र सुटण्याची वेळ येण्याच्या वेळेपेक्षा आकड्याने लहान असते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

एका ऑपरेटरचा एक आठवडा घेऊ. पाळी रात्री २२ वाजता सुरू होते. दोन वाजता अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असते आणि तिचा पगार मिळत नाही. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार या तीन रात्री तो २२:०० ला आला आणि सकाळी ६:३० ला सुटला. बुधवारी पुढच्या पाळीचा माणूस उशिरा आला, म्हणून सुटायला ७:१५ झाले. शुक्रवारी बस चुकल्यामुळे तो २२:२० ला पोचला आणि ६:३० ला सुटला. शनिवारी मशीन बिघडलं, ते सुरू करून द्यायला थांबला आणि ७:४५ ला बाहेर पडला.

कागदावर हे मोजायची सोपी रीत अशी की, सुटण्याच्या वेळेत चोवीस मिळवायचे. सकाळचे ६:३० म्हणजे आदल्या दिवसाच्या घड्याळाने ३०:३०. त्यातून २२:०० वजा केले की उरतात ८:३०, आणि जेवणाचा अर्धा तास काढला की कामाचे आठ तास. याच रीतीने बुधवार येतो ८:४५, शुक्रवार ७:४० आणि शनिवार ९:१५. तीन साध्या रात्रींचे चोवीस तास धरून बेरीज होते ४९ तास ४० मिनिटं. ताळा करायचा असेल तर सुट्टी न कापता सहा रात्रींची हजेरी वेगळी मोजावी. ती ५२:४० भरते. सहा सुट्ट्यांचे तीन तास त्यातून गेले की पुन्हा ४९:४०.

आठवड्याची मर्यादा ४८ तासांची आहे. त्यापुढचे १ तास ४० मिनिटं दुप्पट दराने द्यायचे असतात.

आता खरा प्रश्न शनिवारच्या रात्रीचा. १९४८च्या कारखाने अधिनियमात आठवडा म्हणजे शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होणारे सात दिवस असे. मग रात्री बारानंतर, म्हणजे रविवार लागल्यावर, आपल्या ऑपरेटरने केलेलं काम पुढच्या आठवड्यात टाकायचं का? मस्टर लिहिणाऱ्या नवख्या माणसाला तसंच वाटतं, आणि तारखेप्रमाणे पाळी तोडणारी हजेरीची यंत्रंही मी पाहिली आहेत. तसं केलं तर शनिवारच्या सव्वानऊ तासांपैकी सव्वासात तास पुढे सरकतात. या आठवड्याची बेरीज ४२:२५ वर येते आणि ओटी नाहीशी होते. पुढच्या आठवड्यात त्याने दोन दिवस रजा घेतली, तर तिथेही ४८ भरत नाहीत. माणूस जागला, पण त्या जागण्याचा दुप्पट मोबदला दोन्ही पानांवर दिसत नाही.

कायद्याने हा प्रश्न स्पष्ट सोडवला आहे. त्या अधिनियमाचं कलम ५७ सांगत होतं की पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा धरायचा. साप्ताहिक सुट्टीही तिथूनच मोजायची. म्हणजे आपल्या ऑपरेटरचा रविवार सकाळी ७:४५ ला सुरू होतो आणि सोमवारी ७:४५ ला संपतो. २०२०च्या कामाच्या सुरक्षिततेविषयीच्या संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. मला हे कलम फार शहाणं वाटतं, कारण ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न पाहता माणसाच्या झोपेकडे पाहतं. हिशेबाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की पूर्ण पाळी ज्या तारखेला सुरू झाली, त्याच तारखेच्या ओळीत लिहायची.

संगणकावर हा तक्ता करताना तारखेचा स्तंभ A, आत आल्याची वेळ B, सुटल्याची C आणि सुट्टी D मध्ये ठेवली, तर सूत्र असं होतं:

```
=MOD(C2-B2,1)-D2
```

एक्सेल असो वा गूगल शीट्स, त्यांच्यासाठी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. अख्खा दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५. सकाळच्या वेळेतून रात्रीची वेळ वजा केली की उत्तर उणे येतं आणि एक्सेलच्या चौकटीत नुसत्या #### खुणा दिसतात. `MOD` त्या उणे उत्तरात एक दिवस मिळवतो. कागदावर आपण चोवीस मिळवले, तेच हे. सुट्टी मात्र `0:30` अशी लिहावी. `0.5` लिहिलं तर संगणक बारा तास कापतो.

बेरजेपाशी आणखी एक फसगत होते आणि ती मोठी विलक्षण आहे. सहा ओळींची बेरीज ४९:४० यायला हवी, पण चौकटीत दिसतं 1:40. साधं वेळेचं स्वरूप चोवीस तास पुरे झाले की पुन्हा शून्यावर येतं, आणि ४९:४० मधून दोन दिवस, म्हणजे ४८ तास, गळून पडतात. ४८ हीच आठवड्याची मर्यादा असल्यामुळे उरलेला आकडा नेमका ओटीचा दिसतो! एका कारकुनाने ते पाहून शीटनेच ओटी काढून दिली असं धरलं होतं. एका आठवड्यात कुणाचे ४७:३० तास भरले आणि चौकटीत 23:30 आले, तेव्हा चूक उघडी पडली. इलाज म्हणजे बेरजेच्या चौकटीला `[h]:mm` हे स्वरूप देणं. तासाला दराने गुणायचं असेल तर ४९:४० ला ४९.४० समजू नये. चाळीस मिनिटं म्हणजे तासाचे दोन तृतीयांश, म्हणून `=SUM(E2:E7)*24` ने येणारे ४९.६७ घ्यावेत आणि त्या चौकटीला साध्या संख्येचं स्वरूप द्यावं.

`MOD` ला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे चुकीची नोंद. सकाळचा पंच राहिला आणि C रिकामा राहिला, तर संगणक त्याला मध्यरात्र समजतो. मग त्या रात्रीचे दोन तास धरून, सुट्टी कापून, 1:30 असं सभ्य दिसणारं उत्तर येतं आणि कामगाराचे साडेसहा तास बेरजेतून गुपचूप वजा होतात. दिवसपाळीच्या माणसाच्या दोन्ही वेळा उलट्या टाकल्या गेल्या, तर हजेरीचे साडेआठाऐवजी साडेपंधरा तास होतात. म्हणून बेरजेकडे बघण्याआधी मी E चा स्तंभ वरून खाली वाचायचो. सहापेक्षा कमी किंवा दहापेक्षा जास्त आकडा दिसला की त्या माणसाचं कार्ड काढून बघायचं आणि त्याला बोलावून विचारायचं.

सुट्टीबद्दलही विचारायचं. D मधला अर्धा तास शीट दर रात्री आपोआप कापते, आणि आठवड्याला ते तीन तास होतात. ज्या शनिवारी मशीन बिघडलं, त्या रात्री दोन वाजता आपला ऑपरेटर डबा उघडायला गेला होता का? तो मशीनपाशीच उभा राहिला असेल, तर ती सुट्टी झालीच नाही. त्या ओळीतल्या D मध्ये शून्य लिहायचं आणि बेरीज होते ५०:१०.