फ्लॅटच्या किमतीतला जमिनीचा तिसरा हिस्सा



मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात एखादा फ्लॅट घ्यावा, असा विचार आता करवीर, कागल, हातकणंगलेकडील बऱ्याच घरांत होऊ लागला आहे. उसाचे बिल आले की थोडी रक्कम भरायची, उरलेली बँकेच्या कर्जातून भागवायची, असा बेत असतो. इमारत अजून उभी राहत असते आणि बिल्डरच्या कागदावर किमतीखाली वस्तू व सेवा कराची, म्हणजे जीएसटीची, एक ओळ असते. त्या ओळीवरून पुष्कळांचा गोंधळ होतो. कोणी म्हणते, कर साडेसात टक्के आहे. कोणी म्हणते, पाच टक्के. कोणी सांगते, जमिनीचा तिसरा हिस्सा आधी वजा करून घ्या आणि मग पाच टक्के भरा. यातले पहिले दोघे बरोबर आहेत, तिसरा चुकतो. कसे, ते पाहू.

जमीन विकणे ही जीएसटीच्या कायद्यात करपात्र बाब नाही. कर आहे तो बांधून देण्याच्या कामावर. पण फ्लॅट घेताना आपण नुसत्या भिंती घेत नाही. इमारतीखालच्या जमिनीतला अविभक्त हिस्साही त्याच किमतीत येतो. मग एकूण किमतीतले जमिनीचे किती आणि बांधकामाचे किती, हे कोणी ठरवायचे? सरकारने त्यावर एक ठोकळ नियम केला. 2017 सालच्या अधिसूचनेनुसार एकूण किमतीचा एक तृतीयांश भाग जमिनीचा धरायचा आणि राहिलेल्या दोन तृतीयांश भागावर कर लावायचा.

बाजार समितीत पोत्याचे वजन करताना ठराविक बारदान वजा धरतात, प्रत्येक रिकामे पोते वेगळे तोलत नाहीत. एखादे पोते हलके असते, एखादे जड, पण वजावट तीच. येथेही तोच प्रकार. राजारामपुरीसारख्या भागात जमीन महाग, तेथे फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खूप जास्त असू शकतो. शहराबाहेर नव्या वस्तीत तो कमीही असेल. वजावट मात्र दोन्हीकडे तेवढीच. (आपल्या बाजारात बारदान मालापेक्षा महाग कधी होत नाही, शहरात ते होते, एवढाच फरक!)

आता दराकडे येऊ. 1 एप्रिल 2019 पासून सुरू झालेल्या गृहप्रकल्पांतील साध्या फ्लॅटला अधिसूचनेतला दर साडेसात टक्के आहे. परंतु तो दोन तृतीयांश रकमेवर. समजा, एकूण किंमत 48 लाख रुपये आहे. जमिनीचे 16 लाख सोडले, राहिले 32 लाख. त्यावर साडेसात टक्क्यांनी कर झाला 2 लाख 40 हजार. हीच रक्कम 48 लाखांच्या बरोबर पाच टक्के होते. म्हणजे ‘पाच टक्के’ या आकड्यात जमिनीची वजावट आधीच होऊन गेलेली आहे. ती दुसऱ्यांदा मागता येत नाही. उलट बिल्डरनेच पूर्ण 48 लाखांवर साडेसात टक्के लावले असतील, तर कर 3 लाख 60 हजार दिसेल. तेव्हा एकच गोष्ट तपासावी: कराची रक्कम भागिले एकूण किंमत. साध्या फ्लॅटला उत्तर पाच टक्क्यांच्या वर गेले, की हिशोब पुन्हा मांडायला सांगावा. पावतीवर हा कर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो, त्याने घाबरू नये.

यापेक्षा मोठा फरक मात्र दुसरीकडेच आहे. परवडणाऱ्या घराला दर दीड टक्का, तोही दोन तृतीयांश रकमेवर. म्हणजे एकूण किमतीच्या फक्त एक टक्का. त्यासाठी दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. मुंबईसारख्या महानगरांत चटई क्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत हवे. कोल्हापूर त्या यादीत नाही, म्हणून आपल्याकडे 90 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 968 चौरस फूट चालते. हे चटई क्षेत्र म्हणजे जाहिरातीतले ‘बिल्टअप’ नव्हे. करारात रेराच्या व्याख्येप्रमाणे लिहिलेले असते ते. दुसरी अट, एकूण आकारलेली रक्कम 45 लाखांच्या वर जाता कामा नये.

या दुसऱ्या अटीतच घरे फसतात. 45 लाखांत नुसता फ्लॅटचा दर येत नाही. जमिनीचा हिस्सा, वरच्या मजल्याचे किंवा कोपऱ्याचे जादा पैसे, विकास आकार, पार्किंग, सामाईक सोयींचे शुल्क, जे जे बिल्डर आपल्याकडून घेतो ते सारे त्यात मिळवायचे. जमिनीचा तिसरा हिस्सा वजा करून ही मर्यादा मोजायची नाही. ती पूर्ण रकमेवर मोजतात. मुद्रांक शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते, ते त्यात धरत नाहीत.

एक उदाहरण मांडू. कळंब्याकडे 80 चौरस मीटर चटई क्षेत्राचा फ्लॅट, दर 43 लाख 50 हजार. घरच्यांनी ऐकले, 45 लाखांच्या आत आहे, कर एक टक्का. करार करायला बसले तेव्हा वरच्या मजल्याचे 1 लाख 10 हजार आणि विकास आकार 1 लाख निघाले. बेरीज झाली 45 लाख 60 हजार. मर्यादा 60 हजारांनी ओलांडली, आणि कर एक टक्क्यावरून पाच टक्क्यांवर गेला. दोन तृतीयांश म्हणजे 30 लाख 40 हजार, त्यावर साडेसात टक्के म्हणजे 2 लाख 28 हजार. तोच व्यवहार 45 लाखांत बसला असता, तर 30 लाखांवर दीड टक्का, फक्त 45 हजार. साठ हजारांच्या जादा आकारापायी करात 1 लाख 83 हजारांचा फरक! म्हणून एवढ्या काठावरच्या व्यवहारात वरच्या मजल्याचा हट्ट सोडावा किंवा किमतीत घासाघीस करून बेरीज 45 लाखांत आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते करारापूर्वीच करायला हवे. काही रक्कम कराराबाहेर रोखीने देण्याची सूचना कोणी केली तर ती मुळीच ऐकू नये. तेवढ्या पैशांची पावती नाही आणि पुढे भांडायला पुरावाही नाही.

तिसऱ्या हिश्श्याचा हा ठोकळ नियम न्यायालयातही गेला आहे. मे 2022 मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. त्यात प्लॉटची किंमत करारात वेगळी लिहिली होती आणि बंगल्याच्या बांधकामाची वेगळी. जमिनीची खरी किंमत कळत असताना तिसऱ्या हिश्श्याचीच सक्ती करता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. आपल्या नेहमीच्या फ्लॅटच्या करारात मात्र जमिनीची किंमत वेगळी लिहिलेलीच नसते. म्हणून त्या निकालाचा दाखला देऊन कर कमी मागण्याआधी करार नीट वाचावा आणि कर सल्लागाराला दाखवावा.

गावी स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधणाऱ्यांनी ही वजावट आपल्याला लावू नये. तेथे जमीन आपलीच, विकली जात नाही. मालासह ठेक्याला अठरा टक्के दर आहे. माल आपण आणून एका कुटुंबाच्या घराचे फक्त मजुरीचे काम दिले, तर त्या मजुरीवर कर माफ आहे.

राहिला पैसे भरण्याच्या वेळेचा प्रश्न. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर किंवा इमारतीत पहिली वस्ती झाल्यावर, यातले जे आधी घडेल त्यानंतर फ्लॅटची सगळी रक्कम दिली, तर जीएसटी लागतच नाही. पण ‘सगळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उसाचे बिल हातात आले म्हणून दाखल्याआधी पन्नास हजारांचा बयाणा दिला, की ही सूट गेली आणि पूर्ण व्यवहार कराखाली आला. इमारत जवळजवळ तयार असेल, तर बयाण्याआधी दाखल्याची प्रत मागावी आणि त्यावरची तारीख पाहावी.